खात्यात पैसे असूनही चेक परत का येतो?

संपादक महोदय,

बँकेच्या क्लिअरिंग विभागात नोकरी करून मी निवृत्त झालो. तरी आजही साखर पेठेतले, जुळे सोलापुरातले ओळखीचे लोक परत आलेला चेक घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : ‘खात्यात पैसे आहेत, मग चेक परत कसा आला?’

अलीकडेच टॉवेलचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आले. त्यांनी सूत व्यापाऱ्याला ३८,४०० रुपयांचा चेक दिला होता. खात्यात त्याहून जास्त शिल्लक होती. चेकसोबतच्या मेमोवर कारणाचा क्रमांक १२ होता, म्हणजे ‘ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स’, सहीत फरक. व्यापाऱ्याने मेमो नीट न वाचताच ‘चेक बाउन्स झाला’ असे बाजारात सांगितले. गृहस्थांना दंडापेक्षा तेच जास्त लागले. त्यांचे म्हणणे होते, ‘शाखेत मी याच सहीने पैसे काढतो, तिथे कुणी अडवत नाही.’

गोम इथेच आहे. काउंटरवरचा कर्मचारी त्यांना चेहऱ्याने ओळखतो. दुसऱ्या बँकेत भरलेला चेक मात्र आता शाखेत येतच नाही. जिथे भरला तिथेच तो स्कॅन होतो आणि फक्त त्याचे चित्र तुमच्या बँकेकडे जाते. बहुतेक बँकांत ते दुसऱ्या शहरातल्या केंद्रात तपासले जाते. तिथल्या माणसासमोर पडद्यावर दोनच गोष्टी असतात : चेकवरची सही आणि खाते उघडताना घेतलेली नमुना सही. या गृहस्थांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी मराठीत पूर्ण नाव लिहून सही दिली होती. धंदा वाढला, रोज बिलांवर सह्या कराव्या लागल्या आणि नावाची दोन अक्षरे व एक फरकाटा एवढेच उरले. तपासणाऱ्याला ती वेगळ्याच माणसाची सही वाटली.

त्याला दोष देता येत नाही. बनावट सहीच्या चेकवर पैसे दिले गेले, तर ती रक्कम ग्राहकाच्या खात्यातून वळती करण्याचा बँकेला अधिकार नसतो. म्हणून शंका आली की चेक परत जातो. पॉझिटिव्ह पेमध्ये चेकचा तपशील आधी कळवला असला, तरी सही जुळावीच लागते.

उपाय शाखेतच आहे. पासबुक, आधार, पॅन यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स आणि एक फोटो घेऊन, शक्यतो जिथे खाते आहे त्या शाखेत स्वतः जावे. सही बदलाचा अर्ज भरावा लागतो. जुनी सही जमली तर तीही करायला सांगतात. नवी सही अधिकाऱ्यासमोर दोन-तीनदा करावी लागते. जुनी सही आठवत नसेल तर ‘दाखवा जरा’ म्हणून अडून बसू नये. सुरक्षिततेसाठी शाखा ती सहसा दाखवत नाहीत. ओळख पटवून अर्ज पुढे जातो. पॅनवरही जुनीच सही असेल तर ते आधीच सांगावे. खाते संयुक्त असेल तर ज्याची सही बदलली, त्याने स्वतः यावे.

अर्ज दिला म्हणजे काम झाले, असे समजू नका. सही स्कॅन होऊन दुसऱ्या अधिकाऱ्याने मंजूर केल्यावरच ती प्रणालीत दिसते. ‘नवी सही कोणत्या तारखेपासून लागू?’ हे विचारा आणि अर्जाची पोच घ्या. त्याआधी नव्या सहीचा चेक कुणाला देऊ नका. उलट बाजूही आहे : जुन्या सहीने दिलेले पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडे किंवा पतसंस्थेत पडून असतील, तर नवी सही लागू झाल्यावर ते परत येऊ शकतात. अर्जापूर्वी त्यांची यादी करून ते बदलून द्यावेत.

सहीच्या फरकाला ‘किरकोळ तांत्रिक कारण’ म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, या कारणाने परतलेल्या चेकवरही निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली खटला चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्याला चेक दिला त्याची नोटीस मिळाली, तर १५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत. आमच्या गृहस्थांनी त्याच दिवशी व्यापाऱ्याला एनईएफटीने रक्कम पाठवली आणि मेमोची प्रतही दाखवली.

सर्वात जास्त हाल होतात ते हात थरथरणाऱ्या वृद्धांचे. त्यांची सही दर वेळी वेगळी येते, त्यामुळे नवा नमुना देऊनही फार काळ निभत नाही. आजारपणामुळे सही करताच येत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दोन साक्षीदारांसमोर अंगठा उमटवून पैसे काढता येतात. त्यांपैकी एक साक्षीदार बँकेचा अधिकारी असावा लागतो. ही सोय घरच्यांना माहीतच नसते.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी शहरातल्या शाखांत निवृत्तांची रांग लागते. त्याच वेळी सही बदलाचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवावा आणि अंगठ्याच्या सोयीची माहिती मराठीत व तेलुगूत फलकावर लावावी, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत सर्व बँकांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर