ए1, ए2 की बी1? तुझ्या परीक्षेबद्दल

प्रिय अनघा,

तुझा मेसेज वाचला आणि फोन करण्यापेक्षा सविस्तर लिहावं असं ठरवलं, म्हणजे नवऱ्यालाही दाखवता येईल. क्लासवाल्यांनी तुला आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचं चारही विभागांचं पॅकेज गळ्यात मारलंय आणि तू रोज रात्री निबंध लिहीत बसतेस, हे वाचून मला हसू आलं आणि रागही आला. ब्रिटिश नागरिकाची बायको म्हणून तू लेस्टरला जाणार आहेस, कॉलेजला नाही. त्या व्हिसासाठी तुझं वाचन आणि लेखन कोणी तपासत नाही. फक्त बोलणं आणि ऐकणं, तेही पहिल्या अर्जाला ए1 पातळीचं, म्हणजे सगळ्यात खालची पायरी; तिच्या वर ए2, मग बी1, मग बी2. यूकेव्हीआय म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्यासाठीची चार विभागांची आयेल्ट्स दिलीस तर तीही चालते, पण त्यातल्या निबंधाचे मार्क व्हिसाच्या कामाचे नाहीत. साधी आयेल्ट्स, जिच्या नावात यूकेव्हीआय नाही, ती मात्र मुळीच चालत नाही, कितीही चांगले बँड मिळाले तरी. क्लासने तुझं बुकिंग नेमकं कशाचं केलंय, ते आधी बघ.

तुझ्यासाठी सरळ पर्याय म्हणजे आयेल्ट्स लाइफ स्किल्स. ती ए1, ए2 आणि बी1 अशा तीन पातळ्यांवर होते. पीटीई होम आणि लँग्वेजसर्टच्या परीक्षाही ब्रिटनच्या मान्य यादीत आहेत, पण मी विद्यार्थ्यांना लाइफ स्किल्सलाच बसवते, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

आता खरा प्रश्न. तुझा नवरा म्हणतो बी1 देऊन टाक, क्लास म्हणतो ए1 पुरे. दोघांचंही ऐकू नकोस, आधी पुढचा रस्ता बघ. बाहेरून अर्ज केलास की पहिला व्हिसा 33 महिन्यांचा मिळतो. तो संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करायचा, त्याला ए2 लागते. मग पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज, त्याला आजच्या नियमाने बी1 आणि ब्रिटनमधल्या जीवनाविषयीची लाइफ इन द यूके परीक्षा. म्हणजे आज ए1 दिलीस तर अडीच वर्षांनी पुन्हा परीक्षा आहेच. आज ए2 पास झालीस आणि तोच दाखला पहिल्या अर्जाला जोडलास, तर मुदतवाढीला तो पुन्हा वापरता येतो. दाखला अर्जासाठी दोनच वर्षं चालतो हे खरं, आणि 33 महिन्यांनी तो जुना झालेला असेल. पण आधीच्या मंजूर झालेल्या अर्जात तो मान्य झालेला असला, तर मुदत संपणं आड येत नाही. म्हणून ए2 चा कागद "जपून ठेवू, आत्ता ए1 च देऊ" असं करायचं नाही. तो पहिल्या अर्जातच गेला पाहिजे.

मग थेट बी1 का नाही? कारण या परीक्षेत पास किंवा नापास, एवढंच असतं. बी1 ला बसलीस आणि थोडक्यात राहिलीस, तर "निदान ए1 तरी" असं काही हातात पडत नाही. पुन्हा फी, पुन्हा तारीख, आणि तुमचा अर्ज तेवढा लांबणीवर. शिवाय मे 2025 च्या सरकारी श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची पातळी बी2 पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. आज धडपडून मिळवलेला बी1 पाच वर्षांनी पुरेल, हे धरून चालू नकोस. तिथे राहून तुझं बोलणं तसंही सुधारणारच आहे, त्यामुळे मला तो आत्ताचा खटाटोप वाटतो.

तेव्हा तुझ्यासाठी वाद ए1 आणि ए2 मधलाच आहे. तो घरी सोडवता येतो. परीक्षेत तुझ्याबरोबर दुसरा एक उमेदवार असतो आणि समोर एक परीक्षक. ए1 ला पाव तासाहून थोडा जास्त वेळ, ए2 ला वीस मिनिटं. ए1 मध्ये ओळख, नावाचं स्पेलिंग, घर, दिनक्रम अशा गोष्टींवर परीक्षक विचारतो आणि मग तुम्हा दोघांना एका विषयावर एकमेकांना प्रश्न विचारायचे असतात. ए2 मध्ये एखाद्या विषयावर थोडा वेळ सलग बोलावं लागतं, आणि सोबतच्याचं ऐकून त्याला प्रश्न विचारावे लागतात. ऐकण्याच्या भागात छोटी ध्वनिमुद्रणं दोनदा ऐकवतात आणि त्यावर तोंडी उत्तरं द्यायची.

तुझ्या बहिणीला समोर बसव. मोबाइलचं घड्याळ लाव आणि "गेल्या वर्षी मी कुठे फिरायला गेले" यावर एक मिनिट बोल. व्याकरण चुकलं तरी बोलणं चालू राहतंय का, ते बघायचं. मग ती त्याच विषयावर बोलेल आणि तू तिला तीन प्रश्न विचार. प्रश्न म्हणजे खरे प्रश्न, ती नुकतंच जे बोलली त्यावरचे. बोलताना तू तीस सेकंदांत संपलीस आणि प्रश्नाच्या वेळी गप्प झालीस, तर ए1 दे आणि पुढचं तिथे गेल्यावर. दोन्ही जमलं तर ए2 ला बस. अर्जाला अजून तीन महिने आहेत. समजा ए2 राहिली, तरी ए1 देऊन अर्ज वेळेत करता येईल, म्हणून हा डाव परवडतो. महिनाच उरला असता तर मी सरळ ए1 च सांगितली असती.

पाठ करण्याची सवय मात्र आत्ताच सोड. "माय नेम इज अनघा, आय ॲम फ्रॉम..." हा घोकलेला परिच्छेद सुरू झाला की परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. त्याने मध्येच "व्हाय डू यू लाइक इट?" म्हटलं की घोकणारी मुलगी तिथेच अडते. माझ्याकडच्या मुली पडतात त्या बहुतेक इथेच. इंग्रजी कच्चं असतं म्हणून नाही, सोबतच्याशी बोलतच नाहीत म्हणून. त्या परीक्षकाकडे बघून भाषण देतात. संवाद साधणं, माहिती विचारणं हेही तपासलं जातं, म्हणून समजलं नाही तर "सॉरी, कॅन यू रिपीट दॅट?" म्हणायला लाजू नकोस. त्याने मार्क जात नाहीत, गप्प बसल्याने जातात.

एक पास झालीस की तीच पातळी पुन्हा दोन वर्षं देता येत नाही. म्हणजे "सरावासाठी आधी ए1 देऊ" हा विचार फारसा उपयोगाचा नाही.

आणि हो, पासपोर्टचं काय केलंस? लग्नानंतर नाव बदलायचं म्हणत होतीस. बुकिंग ज्या पासपोर्टवरच्या नावाने करशील, तोच परीक्षेच्या दिवशी दाखवायचा असतो, आणि अर्जही शक्यतो त्याच पासपोर्टवर कर. परीक्षा माहेरच्या नावाने आणि अर्ज सासरच्या नावाने असं झालं, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची हे कागद जोडून सिद्ध करत बसावं लागतं. नाव बदलणार असशील तर आधी पासपोर्ट, मग बुकिंग.

निकालासोबत जो संदर्भ क्रमांक मिळतो तो अर्जात भरायचा असतो, म्हणून बुकिंग करताना केंद्र मान्य यादीतलं आहे ना, हे gov.uk वर बघ. क्लासच्या शब्दावर जाऊ नकोस. बहिणीबरोबर प्रयोग कर आणि कसा झाला ते कळव. तोवर त्या क्लासकडून पैसे परत मागायला सुरुवात कर, निबंधाच्या वह्या मी घ्यायला तयार आहे.

तुझी,
वैशाली