तळ्यातल्या कॅमेऱ्याकडे माशांची संख्या मागू नका

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मुंबईत बसून मी पालघर-रायगडकडच्या छोट्या तळ्यांचे पाण्याखालचे व्हिडिओ तपासतो. कॅमेरा सोडला की मासे मोजून मिळतात, असं विक्रेते हल्ली बिनदिक्कत सांगतात. उद्या अनुदानाच्या अर्जातही हा रकाना येऊ नये, म्हणून आधीच लिहितो आहे.

चांगलं तळं हिरवं असतं. पाण्याची पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी सेक्की तबकडी त्यात सोडली तर ती बहुधा ३०-४० सेंटिमीटरवर दिसेनाशी होते. कॅमेऱ्यालाही तेवढंच दिसणार. शिवाय एकच रोहू चारदा समोरून गेला तर चार मासे धरले जातात. म्हणून जाणकार एका क्षणी चौकटीत जास्तीत जास्त किती मासे दिसले एवढंच टिपतात. त्यानं दुबार मोजणी टळते, पण तळ्यात एकूण मासे किती, ते कळत नाही.

या चुकीची किंमत खाद्यात मोजावी लागते. समजा, २,००० बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली आणि मासा २५० ग्रॅमचा झाला. १,८०० जगले असं धरलं तर वजन ४५० किलो, आणि वजनाच्या तीन टक्क्यांनी खाद्य रोज साडेतेरा किलो. प्रत्यक्षात १,४०० च जगले असतील तर साडेदहा किलो पुरतं. वरचे तीन किलो तळाशी कुजतात, अमोनिया वाढतो आणि पहाटे प्राणवायू कमी पडतो.

कॅमेरा खरा उपयोगी पडतो तो इथे. खाद्याचा ट्रे खाली सोडायचा, वीतभर अंतरावर कॅमेरा बांधायचा. खाद्य टाकण्याआधी दोन मिनिटं नुसतं चित्रण घ्यायचं, मग दाणे किती वेळात संपतात ते पाहायचं. तुलना त्याच तळ्याशी, त्याच वेळेशी. ट्रेवर दाणे उरू लागले तर खाद्य घटवायचं आणि प्राणवायू तपासायचा. ढगाळ दिवसानंतरच्या सकाळी मासे तोंड फिरवतात, तेव्हा दोष खाद्याचा नसतो.

यातही एक मेख आहे. मासे जोरात खाऊ लागले की गर्दीत एकमेकांना झाकतात, तळाशी चरणारा मृगळ मासा तळ ढवळतो, पाणी गढूळ होतं आणि मोजणारा प्रोग्राम नेमका तेव्हाच कमी मासे दाखवतो. आकडा पडला म्हणजे भूक गेली, असा अर्थ काढला की फसलोच. उरलेले दाणे पाहणं त्यापेक्षा भरवशाचं.

मोजणीच हवी असेल तर ती बीज सोडताना करावी: पांढऱ्या उथळ ट्रेमध्ये थोडी थोडी बोटुकली घेऊन वरून फोटो काढला तर मोजणी बऱ्यापैकी जुळते, आणि शेतकऱ्याला बीज पुरवणाऱ्याशी हिशेबही करता येतो. पुढे अधूनमधून जाळं टाकून सरासरी वजन घ्यावंच लागेल.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. अनुदानासाठी कॅमेऱ्यानं काढलेली माशांची संख्या पुरावा म्हणून मागू नये. बीज सोडतानाचे फोटो आणि ट्रेच्या नोंदी चालाव्यात. आणि वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेला विनंती करून आपल्याकडच्या हिरव्या, गढूळ तळ्यांचं चित्रण, त्यात मासा कुठे आहे त्याच्या खुणा करून, जमवावं. नितळ पाण्यावर शिकलेला प्रोग्राम आपल्या तळ्यात बुडबुड्यालाही मासा म्हणतो.

आपला,
एक मुंबईकर