प्रोफेसरांना पाठवायचा मेल

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या प्रोफेसरांना लिहिलेल्या मेलचा मसुदा वाचला. इंग्रजी चांगलं आहे, व्याकरणात खोट नाही, पण आहे तसा पाठवू नकोस. पीएच.डी.साठी गाइड व्हाल का, असे मेल मलाही दरवर्षी येतात, त्यामुळे मी तो आईसारखा वाचला नाही, मेल मिळणाऱ्यासारखा वाचला. तुझी सुरुवात आहे ‘लहानपणापासून भूविज्ञानाची आवड’ आणि ‘आपलं कार्य प्रेरणादायी’. नाव बदललं की हाच मेल हिमनद्यांवर काम करणाऱ्या कुणालाही जाईल, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. शिवाय वर ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलंयस. त्या बाई आहेत गं! ‘डिअर डॉक्टर’ आणि पुढे आडनाव, एवढं पुरे. ‘काइंडली डू द नीडफुल’ तर पहिल्यांदा काढ.

तुझ्याकडे सांगण्यासारखं खरंच आहे, पण ते चौथ्या परिच्छेदात एका वाक्यात पुरून ठेवलंयस: ‘माझं डिझर्टेशन रेड बोलवर होतं.’ मेल तिथून सुरू व्हायला हवा.

त्या बाईंच्या बाजूने बघ. त्या झिरकॉन या खनिजाच्या दाण्यांचं वय काढतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या वयाचा वाद त्यांना माहीत असणारच. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन लेख आले. प्रिन्स्टनच्या गटाने लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातकट थरातून, म्हणजे बोलमधून, झिरकॉन वेचून युरेनियम-शिसं पद्धतीने वयं काढली. बर्कलीच्या गटाने लाव्ह्यातल्याच प्लॅजिओक्लेज या खनिजावर आर्गॉन पद्धत वापरली. दोघांचे नमुने आपल्याच घाटांतले, तरी उत्तरं जुळली नाहीत. पोलादपूर फॉर्मेशनचा लाव्हा मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या अशनी-आघाताच्या थोडा आधी आला असं पहिले म्हणतात, तर दुसऱ्यांच्या मते तो बहुतेक आघातानंतरचा आहे. साडेसहा कोटींहून जास्त वर्षं मागे जाऊन भांडण आहे ते काही दशसहस्र वर्षांचं. आणि तुझा बोल आहे नेमका पोलादपूर फॉर्मेशनच्या पायथ्याशी.

आता तू काय केलंस ते आठव. बाकीचे बोलचा एक नमुना घेऊन मोकळे होतात. तू चाळीस सेंटिमीटरच्या थरातून खालचा, मधला, वरचा असे तीन वेगळे घेतलेस. चाळून, धुऊन, ब्रोमोफॉर्ममध्ये जड खनिजं खाली बसवून, चुंबकीय दाणे बाजूला काढून शेवटी अकरा झिरकॉन हाती लागले. बेसॉल्टमध्ये सिलिका कमी, त्यामुळे त्यात झिरकॉन सहसा बनतच नाही. म्हणजे हे दाणे दुसऱ्या, जास्त सिलिकाच्या उद्रेकाच्या राखेतून येऊन पडले असावेत. ‘असावेत’ हा शब्द मेलमध्येही ठेव. जुन्या खडकातून वाहत किंवा उडत आलेला दाणाही बोलमध्ये सापडू शकतो. तुझ्या अकरापैकी नऊंच्या कडा धारदार आहेत, दोन गोलसर. हे दोन लपवू नकोस. ज्या मुलीला स्वतःच्या नमुन्यातले संशयित दाणे दिसतात, तिला प्रयोगशाळेत घ्यायला कुणी घाबरत नाही.

मग प्रश्न. बाईंचं अलीकडचं काम झिरकॉन मॅग्मात स्फटिक झाल्यावर उद्रेकापर्यंत किती काळ पडून राहतो यावर आहे, आणि तो लेख तू खरोखर वाचलायस. तर असं लिही: एकाच बोलमधले काही दाणे बाकीच्यांहून जुने निघाले, तर ते मॅग्मात जास्त काळ राहिले म्हणून, की राख एकदा न पडता टप्प्याटप्प्याने पडली म्हणून? थराच्या उंचीप्रमाणे दाणे वेगळे ठेवलेले असतील तर हे दोन ओळखता येतील का? माझ्याकडे तसे नमुने आहेत, त्यांचं वय अजून काढलेलं नाही. बस्स. चार-पाच वाक्यं. उत्तर तूच देऊ नकोस, आणि ‘या संशोधनाने वाद मिटेल’ असं तर अजिबात नको. अकरा दाण्यांनी काही मिटत नाही. त्यातले किती मोजण्यालायक निघतील हेही तुला माहीत नाही.

पण हे लिहिण्याआधी तुझ्या डिझर्टेशनच्या गाइडना विचार. नमुने विभागाचे आहेत, तुझ्या कपाटातले असले तरी. ते परदेशी पाठवायची भाषा त्यांच्या परवानगीशिवाय केलीस तर उद्या त्यांचंच शिफारसपत्र मागताना अवघड होईल. त्यांना नाही म्हणायचं असेल तर ते आत्ताच कळू दे.

मागणीचा परिच्छेद मला सगळ्यात कच्चा वाटला. ‘पीएच.डी.ची संधी द्यावी’ याला त्या काय उत्तर देणार? जर्मनीत पैसा साधारण दोन वाटांनी येतो. एक, त्यांच्या प्रकल्पात पगाराची जागा असते. ती बहुधा जाहिरात देऊनच भरतात आणि बऱ्याचदा पूर्णवेळ पगाराची नसते. दुसरी, तू स्वतः शिष्यवृत्ती आणतेस, जशी डाड या जर्मन संस्थेची. तिच्या अर्जाला तिथल्या मार्गदर्शकाचं लेखी संमतीपत्र लागतं. म्हणून दोन सरळ प्रश्न विचार: येत्या वर्षभरात तुमच्या गटात जागा निघण्याची शक्यता आहे का, आणि नसल्यास मी डाडसाठी अर्ज केला तर मार्गदर्शनाची संमती देण्याचा विचार कराल का? याला त्यांना दोन ओळींत उत्तर देता येतं, आणि पैशाची अडचण तुला कळते हेही दिसतं.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. त्या विद्यापीठात नाहीत, संशोधन संस्थेत आहेत. तिथे डॉक्टरेट विद्यापीठच देतं, आणि गटप्रमुखाला एकट्याने मार्गदर्शक होण्याचा अधिकार असेलच असं नाही. तेव्हा ‘पदवीची नोंदणी कोणत्या विद्यापीठात होते?’ हेही विचार. त्यांचे आधीचे विद्यार्थी कुठे नोंदले गेले ते प्रबंधांच्या पहिल्या पानावर असतं, आधी ते बघ.

जोडायचं एवढंच: दोन पानांचा सीव्ही, गुणपत्रिका, आणि एका पानावर बोलचा छेद, तीन नमुन्यांच्या जागा दाखवून. हे सगळं एकाच फाइलमध्ये, नाव `Deshpande_Mrunal_CV.pdf` असं काहीतरी. `final_new2.pdf` नको. एकशे वीस पानांचं डिझर्टेशन कुणी उघडत नाही. मागितलं तर दे.

त्याच संस्थेतल्या आणखी कुणाला तोच मेल पाठवू नकोस. जेवायच्या टेबलावर ते एकमेकांना सांगतात, आम्हीही सांगतो. ऑगस्टमध्ये तिकडे अर्धे लोक सुट्टीवर किंवा फील्डवर असतात, म्हणून सप्टेंबर उजाडू दे. दोनेक आठवड्यांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलच्या खाली तीन ओळींची एक आठवण, नंतर पुढचं नाव. ‘सध्या निधी नाही’ असं आलं तर नीट वाच: शिष्यवृत्तीच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलंय की तो टाळलाय? टाळला असेल तर एकदाच, नम्रपणे, तेवढाच प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नाही.

नवा मसुदा एका स्क्रीनवर मावेल इतकाच कर आणि आधी गाइडना दाखव, मग मला. बाबा विचारताहेत, गोलसर दाण्यांचे फोटो काढलेस का? नसतील तर छेदाच्या पानावर कोपऱ्यात जागा ठेव, दोन्ही प्रकारचा एकेक दाणा शेजारी शेजारी लावता येईल.

तुझी,
आई