यंदाची दिवाळी नागपूरलाच

नागपूर
30 ऑगस्ट

प्रिय विन्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. चार महिन्यांत तुझ्या तीन मेसेजला मी नुसते अंगठे दाखवले. तब्येत म्हणशील तर शुगर आहे तिथेच आहे, गुडघा बरा आहे, मंजिरी आणि ईशू मजेत. झालं.

पत्र लिहायला बसलो कारण काल आईला फोन करून सांगितलं की या दिवाळीला आम्ही पुण्याला येत नाही, नागपूरलाच राहतो. वाक्य एवढंच. पण ते तोंडातून निघायला मला किती वर्षं लागली हे फक्त तुला कळेल, कारण त्या फुटाळ्याच्या संध्याकाळी तूच मला विचारलं होतंस, "तू नवरा आहेस की पोस्टमन बे?"

कारण काही मोठं नाही. ईशूच्या शाळेत 'माझी दिवाळी' असा निबंध होता. पोरीनं अख्खं एक पान पुण्याच्या गाडीतल्या वरच्या बर्थबद्दल लिहिलं. आई पुऱ्या नि बटाट्याची भाजी देते, खाली एक आजोबा घोरतात, मनमाडला बाबा चहा घ्यायला उतरतात आणि आईचा जीव वरखाली होतो. दिवाळी आली ती शेवटच्या दोन ओळींत, तीही काकूच्या घरची. बाईंनी 'छान' लिहिलंय. मला हसू आलं, मग नाही आलं. आई-बाबा दादाकडे गेल्यापासून आठ दिवाळ्या झाल्या, आणि या आठ वर्षांत आमच्या मनीषनगरच्या घरात लक्ष्मीपूजनाला दिवा लागलेला नाही. दाराबाहेर एक पणती लावतात, तीही शेजारच्या काकू.

दादाकडे काही कमी आहे असं नाही. वहिनी जीव टाकते. म्हणूनच तर सांगणं कठीण. भांडण असतं तर सोपं होतं, राग दाखवून घरी बसता आलं असतं. इथे तर कोणाचीच चूक नाही.

आता माझा मूर्खपणा ऐक. दादाची पद्धत तुला माहीत आहे, बुकिंग उघडलं की सकाळी आठला लॅपटॉपसमोर आंघोळ करून बसतो. पूर्वी 120 दिवस आधी तिकीट निघायचं, 2024 च्या नोव्हेंबरपासून 60 दिवस झालं. म्हणजे दिवाळीचं तिकीट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी सांगायलाच हवं होतं. एकदा त्यानं आमची तीन तिकिटं काढली की "येत नाही" या शब्दाचा अर्थ "तुझे पैसे नि मेहनत पाण्यात" असा होतो. तेवढं कळत होतं मला. पण सांगितलं काय? पंधरा दिवसांपूर्वी दादाला म्हटलं, "यंदा सुट्टीचं कठीण दिसतंय रे."

चार मिनिटांत निकाल लागला. दादा म्हणाला, "मग शनिवारी नीघ नं, आता अजनीहून वंदे भारत आहे, बारा तासांत पुणे." मी म्हटलं, तिचं तिकीट मिळत नाही सणाला. तो म्हणाला, गाडी काढ, समृद्धीनं शिर्डीपर्यंत तर काही वाटतच नाही. मी म्हटलं, एकट्यानं एवढी गाडी चालवणं होत नाही. तेवढ्यात मागून आई: "त्याला सुट्टी नसेल तर मंजिरी नि ईशूला पुढे पाठव, तो येईल मागून." बघ, मी कारण दिलं आणि त्यांनी प्रेमानं ते सोडवून दिलं. त्यांचं काय चुकलं? सबब म्हणजे अडचण, आणि अडचण दूर करणं हे तर घरच्यांचं कामच. मी शेवटी म्हणालो, "बघतो, जमलं तर येतो."

हे वाक्य सगळ्यांत वाईट बे. मला वाटतं मी कोणाला दुखावलं नाही, आणि तिकडे वहिनी आमच्या गाद्या उन्हात घालते.

फोन ठेवला तर मंजिरी ओट्यापाशी डबे पुसत होती. एकच वाक्य बोलली, "परीक्षेसारखं नको करूस." तुला आठवतं ना? 2016 च्या महालक्ष्म्या. मलाच जायचं नव्हतं, ऑफिसात डोकं फिरलं होतं, आणि मी आईला सांगून टाकलं की मंजिरीची परीक्षा आहे. परीक्षा होती, पण पंधरा दिवसांनी. आईनं तिला थेट कधी जाब विचारला नाही, पण पुढची कित्येक वर्षं जेवायला वाढताना "तेव्हा सूनबाईंची परीक्षा होती नाही का" असं निघायचंच. सोळा भाज्यांची वाढणी चालू, आणि मंजिरी खाली मान घालून आंबील वाढते. त्यावरूनच तू मला फुटाळ्यावर झापलं होतंस. मी तुझ्याशी दीड महिना बोललो नव्हतो, आणि तू माझे अठराशे रुपये दिले नव्हते. (अजूनही दिले नाहीत.)

म्हणून काल नीट बसलो. कागदावर चार ओळी लिहिल्या, हस. आईला फोन करायचा, दादाला नाही, आणि घरच्या ग्रुपवर तर मुळीच नाही, तिथे पहिला अंगठा ताईच्या नवऱ्याचा येतो. वेळ दुपारी चारची, आईचा चहा झालेला असतो आणि दादा घरी नसतो. कागदावर मी आधी लिहिलं होतं, "आमचा कोणावर राग नाही." मंजिरीनं वाचलं नि खोडलं. म्हणे, रागाचं कोणी विचारलं का? तू काढलंस की ती शोधत बसेल, कोणी काय बोललं म्हणून. बरोबर होतं तिचं. "आम्ही दोघांनी ठरवलं" हेही खोडलं. दोघं म्हटलं की आईच्या कानात एकटी मंजिरीच ऐकू येते. राहिलं ते असं: "आई, या दिवाळीला आम्ही नागपूरलाच राहतोय. मी ठरवलंय. एकदा आपल्या घरी लक्ष्मीपूजन करावंसं वाटतंय. दादाला तिकिटं काढू नको म्हणून मीच सांगतो."

बोललो. पलीकडे शांत. विन्या, ती शांतता सात-आठ सेकंदांची असेल, पण तेवढ्यात मी मनात तीनदा पुण्याला जाऊन आलो. जीभ वळवळत होती, "तरी बघतो" म्हणायला. बाल्कनीत जाऊन कठडा धरून उभा राहिलो.

"बरं," आई म्हणाली. मग, "काहून रे, कोणी काही बोललं का?"

"नाही."

"वर्ध्याला चाललात का मग?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सासरे महिनाभर मागे लागले आहेत, दोन तासांवर तर आहे. पण मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की दिवाळीचे चार दिवस वर्ध्यालाही नाही. नाहीतर पुण्याला एकच बातमी पोचली असती, सुनेनं माहेरी नेलं. म्हणून सरळ म्हणालो, "नाही आई, कुठेच नाही. घरीच."

परत शांत. मग आई म्हणाली, "सवय झाली रे ईशूच्या आवाजाची त्या दिवशी." यावर काय बोलणार? "तू चुकतेस" म्हणता येत नाही, "येतो" म्हणता येत नाही. मी म्हटलं, "हो आई. मलाही चुकल्यासारखं वाटेल." तेवढंच खरं होतं. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस पुण्याला जायचं आमचं ठरलं आहे, तेही ओठावर आलं होतं. पण ते त्याच फोनवर सांगितलं असतं तर सौदा झाला असता, दिवाळी घ्या नि नाताळ द्या. आज सकाळी वेगळा फोन करून सांगितलं. बाबांनी उचलला. ते फक्त म्हणाले, "फराळ कुरिअरनं पाठवतो. चकल्या मोडतील."

पण खरा घोटाळा ताईनं केला. तिचा मी विचारच केला नव्हता. आई, दादा, वहिनी, सासरे, सगळ्यांची तयारी केली आणि भाऊबीज विसरलो! काल रात्री तिचा फोन. "म्हणजे भाऊबीजेला मी पाटावर काय ठेवू, तुझा फोटो?" मी हसलो, ते चुकलं. ती हसत नव्हती. म्हणाली, आईला सांगितलंस, दादाला सांगितलंस, मला दुसऱ्याकडून कळतंय. बरोबर आहे तिचं. निर्णयाची नव्हती, पण सांगायच्या क्रमाची चूक माझी होती, आणि तेवढ्याची माफी मागितली. तिनं लगेच विचारलं, "मग येतोस?" मी म्हटलं, नाही ताई, चुकलं ते सांगायचं चुकलं. फोन ठेवला तिनं. सकाळपासून निळ्या टिका आहेत, उत्तर नाही. मागे जाऊन "फक्त भाऊबीजेपुरता येतो" म्हणावंसं दहा वेळा वाटलं. मी एकटा गेलो तर पाडव्याला इथे मंजिरी नि ईशू दोघीच, मग कसली घरची दिवाळी? चार दिवस थांबतो आणि परत फोन लावतो. पोळा आलाच आहे, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत उभा राहून ओरडणार आहे, ताईचा राग घेऊन जा गे मारबत.

मन साफ आहे का म्हणशील तर नाही. आई बहात्तरची आहे, मलाही मोजता येतं. पण मोजायला लागलो की मी जास्त बोलतो, जास्त बोललो की सबबी निघतात, आणि सबबी शेवटी मंजिरीच्या गळ्यात जातात.

तुझं काय? बदलीचं काय झालं, नाशिकलाच राहतोस की पुन्हा सामान बांधायचं? काकूंचं मोतीबिंदूचं उरकलं असेल. आदित्य दहावीला ना, त्याला जास्त छळू नकोस, आपले मार्क त्याला दाखवीन मी. आणि लठ्ठ झालास असं पक्या सांगत होता.

पाडव्याला सकाळी येशील का? महालातला तुमचा वाडा आता नाही, उतरायचं कुठे हा तुझा नेहमीचा बहाणा. आमच्याकडे उतर. ईशूला किल्ला करायचा आहे आणि मला माती कुठे मिळते तेही आठवत नाही. तुझा तो सिंहगड आठवतोय, ज्याच्यावर मी पाय दिला होता.

हे लिहिताना आत्ता आईचा फोन येऊन गेला. ताईचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. म्हणाली, "केरसुणी नवी घेशील, जुनी नाही चालत पूजेला. लाह्या-बत्तासे इतवारीतून आण. आणि उटणं संध्याकाळीच भिजवू नकोस, तुझ्या बाबांसारखं." मग जरा थांबून, "लक्ष्मीचा तो जुना फोटो तुमच्याकडेच राहिलाय नं रे, माळ्यावर?"

माळ्यावर चढलो होतो. फोटो सापडला, काच तडकली आहे. गोकुळपेठेत फ्रेमवाला अजून बसतो का, तुला माहीत असेल तर कळव.

तुझा,
बाळ्या

ता.क. अठराशे रुपये पाडव्याला आणशील.