लॉक-इन लिहिलं, पण मोडलं तर काय ते लिहिलंच नव्हतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात आमचा एकच वन-बीएचके आहे, त्याच्या भाड्यावर आईच्या औषधांचा खर्च भागतो. गेल्या वर्षी एजंटने आणलेल्या छापील फॉरमॅटवर सही केली आणि चौथ्या महिन्यातच भाडेकरू घर सोडून गेला. करारात लॉक-इन ६ महिने, म्हणजे तोवर घर सोडायचं नाही, असं लिहिलं होतं, पण चार ओळी खाली 'कोणीही एक महिन्याच्या नोटिशीने करार संपवू शकतो' असंही होतं. तो म्हणाला मी नोटीस दिली, आम्ही म्हणालो लॉक-इन आहे, आणि ४० हजारांच्या डिपॉझिटवरून दीड महिना फोनाफोनी. शेवटी एका महिन्याचे १२ हजार कापून मिटवलं.

यंदा करार स्वतः बसून लिहिला. पहिले ६ महिने लॉक-इन दोघांनाही, नोटीस त्यानंतरच चालेल. मधेच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं, पण त्याआधी नवा भाडेकरू आला तर तो येईपर्यंतचंच. सगळं डिपॉझिट जप्त असं मुद्दाम लिहिलं नाही, कारण नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कोर्टात टिकणं अवघड असतं. आम्हीही ६ महिने त्याला काढू शकत नाही, दोन महिने भाडं थकलं तरच.

भाडेवाढीचंही तसंच झालं होतं. ११ महिन्यांच्या करारात 'पुढे ५ टक्के वाढ' लिहून काय उपयोग, करारच संपला की ती ओळही संपते! आता २४ महिन्यांचा केला, पहिलं वर्ष १२,००० आणि दुसरं १२,६०० असे सरळ आकडे टाकले. आणि ११ महिन्यांचा असला की रजिस्ट्रेशन लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत करार घरमालकाचीच जबाबदारी, नाहीतर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. स्टॅम्प ड्युटी म्हणाल तर दोन वर्षांचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्याच्या पाव टक्का, आम्हाला आठशेच्या घरात पडली, वर नोंदणीचे १,०००.

डिपॉझिट किल्ली परत मिळेल त्याच दिवशी द्यायचं, लाईटबिल आणि मोडतोड वजा करून, असं लिहिलंय. भिंती, गिझर, नळ यांचे तारखेसह फोटो दोघांच्या सहीने कराराला जोडलेत. वापराने रंग उडाला तर त्याचे पैसे कापायचे नाहीत हेही त्यातच आहे, मागच्या वेळी मला स्वतःलाच ते कापावेसे वाटले होते.

पोलीस व्हेरिफिकेशनसाठी राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोटो, ओळखपत्र घेऊन भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायची आणि पोच हातात आल्यावरच किल्ली. मागच्या वेळी एकाचंच नाव दिलं होतं, महिन्याभराने त्याचा मित्र राहायला आला तो आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळला. म्हणून आता नवीन कोणी येणार असेल तर आधी लेखी कळवायचं आणि त्याचीही माहिती पोलिसांत द्यायची, अशी अट टाकलीय.

आपली,
एक घरमालकीण, पुणे