सूचना : सोमवारी रुजू होणाऱ्या सहकारिणीसाठी पहिला आठवडा

इंदूर टीममधील सर्वांना नमस्कार,

स्वागताचा मेल गुरुवारीच तिच्या खासगी पत्त्यावर पाठवायचा आहे. मागच्या वेळी तो ऑफिसच्या पत्त्यावर गेला, आणि ते खातं उघडायचा पासवर्डही त्याच मेलमध्ये होता. बिचारा मुलगा अकरापर्यंत विजयनगरच्या गेटवर उभा होता. मेलमध्ये वेळ, गेटवर कोण भेटेल त्याचं नाव आणि फोन, सोबत आणायची कागदपत्रं, एवढंच लिहा.

सोमवार, मंगळवार तिने ऑफिसातच यावं. आपल्या लॅपटॉपवरचं पहिलं लॉगिन ऑफिसच्या नेटवर्कवरच होतं; घरून केलं तर पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. मोबाइलवरची दुहेरी ओळखही तेव्हाच जोडून घ्या. मंगळवारी संध्याकाळी फोनच्या हॉटस्पॉटवरून व्हीपीएन लावून शेअर्ड फोल्डर उघडतो का ते पाहा. उघडला तरच बुधवारी घरून काम.

बुधवार-गुरुवारी तिच्या सोबत्याने सकाळी दहा आणि दुपारी चारला स्वतः फोन करावा. नवं माणूस अडलं तरी आपणहून विचारत नाही. शुक्रवारी सगळे ऑफिसात या, पोहे-जिलेबी साडेनऊला.