आज्जीचं गाणं गजराला लावलंय

प्रिय आई-बाबा,

मंगळवार पेठेतून निघताना न विचारता एक काम करून आलेय. बाबा, तुमच्या फोनमधला पहाटे साडेपाचचा गजर बदललाय. रागावू नका. त्या कर्कश बीप-बीपनं तुम्ही दचकून ताडकन उठून बसता आणि मग भिंतीला धरून उभे राहता. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी बघवेना. आता आज्जीचं जात्यावरचं गाणं वाजेल.

बाहेरून काही आणलं नाही. तुम्हीच रेकॉर्डरवर घेतलेलं होतं, चार मिनिटांचं. पण पहिली चाळीस सेकंदं आज्जी "सुरू झालं व्हय रं?" विचारतीय, खोकतीय, आणि गल्लीतलं कुत्रं भुंकतंय. गाण्याला तोंड फुटेपर्यंत तुम्ही गजर बंदच केला असता. म्हणून रेकॉर्डरमध्येच ट्रिम करून तिचा आवाज लागतो तिथनं पुढचं एक मिनिट घेतलं आणि नवी फाईल म्हणून सेव्ह केलं. मूळ रेकॉर्डिंगला हात लावला नाही, शप्पथ.

तो तुकडा फाईल्समधून `Alarms` नावाच्या फोल्डरमध्ये कॉपी केला. मग घड्याळात गजर उघडून, टोनच्या नावावर बोट ठेवून, यादीतनं तो निवडला. वेगळ्या फोल्डरमध्ये एवढ्यासाठी, की "जागा भरली" आलं की तुम्ही सगळं पुसत सुटता. गजर गाणं स्वतःजवळ ठेवत नाही, त्या फाईलकडं बघून वाजवतो. फाईल गेली की गजर वाजतो, पण पुन्हा तोच जुना बीप. एखाद्या पहाटे बीप ऐकू आला तर समजायचं, फाईल पुसली गेलीय. काही दाबत बसू नका, मला फोन करा.

अजून एक. भजनं ऐकताना बाजूच्या बटणानं आवाज कमी केला तरी गजराचा कमी होत नाही, त्याची पट्टी साउंड सेटिंग्जमध्ये वेगळी असते. ती मी मध्यावर ठेवलीय. सायलेंटवर टाकूनही वाजवून बघितलं, वाजतो.

आई, तुझ्या फोनवर फक्त माझ्या नावाला तेच गाणं लावलंय. संपर्कात माझं नाव उघडून, वरच्या तीन टिंबांत रिंगटोन बदलायची सोय असते. कणीक भरल्या हातानं "कुणाचा असंल" म्हणत धावत येऊ नकोस. आज्जी गायला लागली की मीच समज. हात धू, पुस, मग उचल. नाही उचललास तर मी परत करीन. लहानपणी आज्जी गायला लागली की तुझ्या मांडीवर मला कधी झोप लागायची कळायचंही नाही, आठवतंय ना? आता तिच्या आवाजानं बाबांना उठवतेय, हे जरा उलटंच झालं. नाहीच आवडलं तर जुनं लावून देईन, मला वाईट वाटणार नाही.

बाबा, गाणं संपेपर्यंत अंथरुणातच पडून राहायचं. मग कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, थोडं बसायचं, मग उठायचं. आणि रेकॉर्डरमधली ती लांब फाईल पुसायची नाही. आज्जीचा खोकला तेवढ्याच ठिकाणी उरलाय.

तुमची,
मनू